बोन एज काढायला ग्रूलिक-पाइल घ्यावं की टीडब्ल्यू३?

ग्रोथ क्लिनिक नवीन सुरू करणाऱ्यांना हा प्रश्न पडतोच, मलाही पडला होता आणि दोन्ही पद्धती बरीच वर्षं वापरून झाल्यात, म्हणून लिहितोय.

ग्रूलिक-पाइलचं अ‍ॅटलास म्हणजे सरळ काम, मुलाच्या हाताची एक्स-रे फिल्म व्ह्यूबॉक्सवर लावायची, शेजारी अ‍ॅटलास उघडायचं आणि जे चित्र सगळ्यात जवळचं वाटेल त्याचं वय लिहायचं. सवय झाली की दोन-तीन मिनिटांत उरकतं, गर्दीच्या ओपीडीत याला तोड नाही. उंची कमी म्हणून आलेल्या मुलाचं हाड वयाच्या मागे आहे की बरोबर, एवढंच एकदा बघायचं असेल तर बहुतेक वेळा ते पुरतं असं मला वाटतं. त्यातली चित्रं क्लीव्हलंडच्या खात्यापित्या घरच्या गोऱ्या मुलांची, १९३० ते ४० च्या दशकातली, हे लक्षात ठेवायचं, पण माझी अडचण ती नव्हतीच.

माझी अडचण मुलींच्या चित्रांमधल्या अंतराची. ८ वर्षं १० महिन्यांच्या चित्रानंतर थेट १० वर्षांचं येतं, मग ११, १२, १३. म्हणजे ज्या वयात हाडं भरभर बदलतात तिथेच वर्षाला एकच चित्र. आता असं समजा की पावणेआठ वर्षांची मुलगी आहे, वेळेआधी वयात येतेय म्हणून इंजेक्शन सुरू केलंय, आणि वर्षाने आईवडील विचारतात की डॉक्टर, हाडं थांबली का? पहिली फिल्म ८ वर्षं १० महिने आणि १० च्या मधे कुठेतरी, दुसरी १० आणि ११ च्या मधे. पहिलीला कोणी खालचं चित्र लावलं आणि दुसरीला वरचं, तर वर्षात दोन वर्षांहून जास्त वाढ, आणि उलटं केलं तर शून्य. फिल्म त्याच, मुलगी तीच. इंजेक्शन लागू पडतंय की नाही हे अशा उत्तरावर कसं ठरवायचं? त्यात मनगटाची छोटी हाडं एक वय सांगतात आणि बोटं दुसरं, मग वाचणारा मनातल्या मनात मधलं काहीतरी काढतो, पण कशाला किती वजन दिलं ते रिपोर्टात कुठेच उतरत नाही.

टीडब्ल्यू३, म्हणजे टॅनर-व्हाइटहाउसची तिसरी आवृत्ती, यात पूर्ण हाताकडे एकदम बघतच नाहीत. रेडियस, अल्ना आणि पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बोटाची ठरावीक हाडं, मिळून १३, प्रत्येकाला ए, बी, सी अशी वेगळी स्टेज द्यायची, प्रत्येक स्टेजचा स्कोअर ठरलेला असतो आणि त्यांच्या बेरजेवरून वय निघतं. मनगटाच्या सात हाडांचा स्कोअर वेगळाच काढतात, तो यात मिसळत नाही, त्यामुळे वरची ओढाताण संपते. स्टेज अंदाजे द्यायची नसते, निकष लिहिलेले आहेत: तीन असतील तर दोन जुळले पाहिजेत, शिवाय आधीच्या स्टेजचा पहिला निकषही. मधल्या बोटाचं मधलं हाड घ्या. हाडाच्या टोकाचा वाढता भाग, म्हणजे एपिफिसिस, शेजारच्या दांड्याइतकी रुंद झाली की एफ, तिच्या कडा डब्याच्या झाकणासारख्या दांड्यावर वळल्या की जी, ग्रोथ प्लेटची काळी रेघ मधे कुठे बुजायला लागली की एच, पूर्ण बुजली की आय.

आता तीच मुलगी. पहिल्या फिल्मवर रेडियस एफ, अल्ना ई, बोटांमध्ये ई-एफ मिसळलेलं. वर्षानंतर रेडियस, अल्ना तिथेच, फक्त दोन बोटांची हाडं ई वरून एफ वर, आणि जी कुठेच नाही. स्कोअरवरून आलेलं वय थोडंच पुढे सरकतं, आणि का सरकलं ते बोट ठेवून दाखवता येतं. आईवडिलांना मी दोन्ही फिल्म शेजारी लावून तेच हाड दाखवतो, त्यांनाही दिसतं.

त्रास आहेच. दहा मिनिटं सहज जातात, हात वाकडा ठेवून काढलेल्या फिल्मवर कडा वळल्यात की नाही ते कळतच नाही आणि परत एक्स-रे काढावा लागतो. एफ वरून जी वर जाताना काही हाडांचा स्कोअर चांगलीच उडी मारतो, म्हणून स्टेजबद्दल शंका असेल तर सहकाऱ्याला आपला आकडा न सांगता वाचायला द्या. मुलींचं वय १५ ला आणि मुलांचं साडेसोळाला संपतं, पुढचं यातून निघत नाही. आणि बेली-पिनो टेबलवरून मोठेपणीची उंची काढायची असेल तर तिथे ग्रूलिक-पाइलचंच वय लागतं, टीडब्ल्यू३ चं घातलं तर उत्तर चुकतं.

त्यामुळे एकदाच बघायचं किंवा ते टेबल वापरायचं तर अ‍ॅटलास ठेवा, त्यात गैर काही नाही. पण ज्या मुलाला परत परत बोलवायचंय, विशेषतः ८ ते १३ मधल्या मुली, तिथे मी तरी टीडब्ल्यू३ च करतो. रिपोर्टात पद्धतीचं नाव आणि तेराही स्टेज लिहा, आणि पुढच्या वेळी जुनी फिल्म मागवून तीही स्वतः परत वाचा, नाहीतर दुसऱ्याच पद्धतीने काढलेल्या वयातून वजाबाकी होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.