स्वयंपाकाच्या सशुल्क वर्गासाठी मेंबरशिप सॉफ्टवेअर: ११ महिन्यांनंतरचा अनुभव

ताई दर शनिवारी दीड तास ऑनलाइन स्वयंपाक शिकवते. बाकीचं सगळं मी बघते: सभासद, वर्गणी, रेकॉर्डिंग, प्रश्नोत्तरं. त्यासाठी आम्ही एक तयार मेंबरशिप सॉफ्टवेअर घेतलं. वर्गणी आपोआप कापणं, लाइव्ह वर्ग, व्हिडिओंचा साठा आणि सभासदांच्या गप्पा हे सगळं त्यात एकाच ठिकाणी आहे. पहिल्या पंधरवड्यात लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक लिहिलं असतं. खरी परीक्षा चौथ्या महिन्यात झाली, म्हणून तिथूनच सांगते.

त्या महिन्याच्या १ तारखेला १४० सभासद होते. महिनाभरात १७ गेले आणि १९ नवे आले. डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरात १४२ दिसत होतं, त्यामुळे मी निश्चिंत होते. मग एकदा गेलेल्यांना जुन्या संख्येने भागून बघितलं: १७ भागिले १४०, म्हणजे १२ टक्के. दर महिन्याला १२ टक्के जात राहिले, तर आज आलेल्या १०० जणांपैकी वर्षाने जेमतेम २२ उरतात. तीच गळती ५ टक्के असेल तर ५४ उरतात. सॉफ्टवेअर हा आकडा समोर ठेवत नाही, सभासदांची यादी उतरवून आपणच काढावा लागतो.

एका संध्याकाळी मी त्या १७ जणांची खाती एकेक करून उघडली. ६ जण स्वतःहून गेलेच नव्हते! कोणाच्या कार्डाची मुदत संपली होती, कोणाच्या बँकेने व्यवहार नाकारला होता. त्यांच्या नावापुढे आधी `past_due` आणि मग `canceled` असं दिसत होतं. आमच्या खात्यात मूळ सेटिंग असं होतं की पैसे अडकले की त्याच क्षणी प्रवेश बंद. शनिवारी वर्गाला आलेल्या माणसाला दार बंद दिसलं आणि कारण काय, तर इंग्रजीतली एक ओळ. आपल्याला काढून टाकलं असाच त्याचा समज होणार.

मी तीन गोष्टी बदलल्या. पैसे अडकले तरी ७ दिवस प्रवेश चालू ठेवला. त्या ७ दिवसांत वेगवेगळ्या दिवशी पुन्हा तीनदा वर्गणी कापून बघायची, असं लावलं. आणि यंत्राचा निरोप काढून ताईच्या नावाने साधा निरोप ठेवला: तुमची वर्गणी जमा झाली नाही, बहुधा कार्डाची मुदत संपली असेल, इथे नवं कार्ड घाला, शनिवारचा वर्ग चालूच आहे. पुढच्या महिन्यात ५ जणांचे पैसे अडकले आणि ४ जण दोन-तीन दिवसांत मार्गी लागले. हे काम पहिल्याच दिवशी करून टाका, एक तासाचं आहे.

दुसरा गठ्ठा ८ जणांचा होता आणि तो मला जास्त लागला. त्यांनी जाण्याआधी तीन आठवडे काहीच उघडलं नव्हतं. मी प्रत्येकाला लिहिलं. एकीचं उत्तर आलं, “वर्ग छान आहेत हो, पण मी इतकी मागे पडले की आत यायलाच नको वाटायचं.” मी तिच्या नजरेने पहिलं पान उघडलं. सगळ्या रेकॉर्डिंगची रांग आणि वर पट्टी: १६ पैकी २ पूर्ण. हे सॉफ्टवेअर स्वयंपाकालाही अभ्यासक्रमासारखं मांडतं. पण सातवा पदार्थ करायला सहावा यावाच लागतो असं नाही, आणि हाताशी सामान नसताना बघितलेला व्हिडिओ चार दिवसांत विसरला जातो. ती पट्टी बंद करायचं बटणच नाही. शेवटी ‘कोर्स’ हा प्रकार सोडून प्रत्येक वर्ग साध्या पोस्टमध्ये ठेवला, तेव्हा ती गेली.

आता पहिल्या पानावर फक्त या आठवड्याचा पदार्थ असतो. सामानाची यादी बुधवारी येते: दोन माणसांचं माप, ग्रॅममध्ये, आणि एखादी वस्तू नसेल तर तिच्याऐवजी काय चालेल. पूर्वी यादी शुक्रवारी रात्री जायची आणि निम्मे लोक शनिवारी नुसते बघत बसायचे. जुने वर्ग आता तारखेने न लावता पद्धतीने लावलेत: परतणं, वाफवणं, आंबवणं, भाजणं. नवा सभासद पहिल्या दोन आठवड्यांत स्वतः केलेल्या पदार्थाचा फोटो टाकतो की नाही, एवढंच मी बघते. आमच्याकडे फोटो टाकणारे बहुतेक टिकले. ज्यांचा फोटो येत नाही त्यांना दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी मी स्वतः विचारते की कुठे अडलं.

लाइव्ह वर्गाची गोष्ट वेगळी. सॉफ्टवेअरचं लाइव्ह प्रक्षेपण सभासदांपर्यंत जवळजवळ २० सेकंद उशिरा पोचत होतं. भाषणाला ते चालून जातं, गॅसवरच्या कांद्याला नाही. कोणी विचारायचं, “एवढा तांबूस पुरे का?”, ते टाइप करून ताईने वाचेपर्यंत आणि तिचं उत्तर परत पोचेपर्यंत कांदा कडेने काळा. सेटिंगमध्ये कमी विलंबाचा पर्याय सापडला, उशीर ४-५ सेकंदांवर आला. चित्र थोडं अस्पष्ट झालं, पण ते चाललं. त्याहून उपयोगी पडले ते थांबे. प्रत्येक वर्गात तीन ठिकाणी ताई म्हणते, “आच बारीक करा, कढई दाखवा.” सगळे फोटो टाकतात आणि ती एकेक बघते. स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्यात सगळंच तांबूस दिसतं, म्हणून कढईशेजारी पांढरी बशी ठेवून फोटो काढायला सांगितलंय. बशी किती पिवळी दिसते त्यावरून कांद्याचा खरा रंग कळतो. ही युक्ती ताईची.

घेण्याआधी विचारायला हवा होता असा एक प्रश्न आम्ही विचारला नाही: पेमेंट गेटवेचं खातं कोणाच्या नावावर? आमच्या योजनेत ते सॉफ्टवेअरवाल्यांच्या नावावर आहे. सभासदांची नावं आणि ईमेल उतरवून घेता येतात, पण साठवलेली कार्डं आमच्यासोबत येणार नाहीत. उद्या दुसरीकडे जायचं ठरवलं तर प्रत्येकाला पुन्हा कार्ड घालायला सांगावं लागेल आणि त्यात किती जण गळतील याची मला खरंच धास्ती वाटते. खातं स्वतःच्या नावावर असेल अशीच योजना घ्या, थोडी महाग पडली तरी.

गेल्या तीन महिन्यांत गळती ५ ते ६ टक्क्यांवर आहे. शोध मात्र अजून कच्चा आहे. “मीठ जास्त झालं तर” असं शोधलं की पोस्टची शीर्षकं येतात, खालच्या प्रश्नोत्तरांतलं काहीच येत नाही आणि ताईला तेच उत्तर पुन्हा द्यावं लागतं. तूर्त मी दर रविवारी त्या आठवड्याचे प्रश्न त्या-त्या पदार्थाच्या पोस्टमध्ये, ज्या पायरीवर ते आले तिच्याखाली हाताने उतरवते. तासभर जातो. वर्षाचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे, आम्ही ते करतोय, पण गेटवे आमच्या नावावर घेता येईल अशा वरच्या योजनेत.