दाखवलेली आई खरी नव्हती : पिल्लू घेताना झालेली फसवणूक

गेल्या वर्षी पुण्याच्या बाहेरच्या भागातील एका विक्रेत्याकडून मी लॅब्रेडॉरचे पिल्लू अठरा हजार रुपयांना घेतले आणि सातव्या दिवशी ते दगावले. त्या एका तासाच्या भेटीत जे माझ्या डोळ्यांसमोर असूनही मला कळले नाही, ते पिल्लू घेण्याच्या विचारात असलेल्यांना वेळीच कळावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

घरात वयस्कर आई असल्यामुळे शांत स्वभावाचे पिल्लू हवे, असे मी फोनवरच सांगितले होते. तेथे एका वेताची म्हणून चार पिल्ले समोर ठेवण्यात आली. त्यांपैकी तीन एकमेकांचे कान ओढत होती आणि चौथे भिंतीला टेकून बसले होते. विक्रेता म्हणाला, "साहेब, हेच घ्या, आईंना अजिबात त्रास देणार नाही." मी त्याला उचलले तेव्हा ते अंग सैल सोडून माझ्या हातात पडून राहिले, आणि मी ते प्रेमळपणाचे लक्षण मानले. त्याचे पोट ढोलासारखे फुगलेले होते. ते मला खाऊन पोट भरल्यासारखे वाटले, पण बरगड्या हाताला लागत असताना पोट तेवढे फुगलेले असणे हे बहुधा जंतांचे लक्षण असते. स्वभावाने शांत असलेले पिल्लूसुद्धा भावंड अंगावर आले की तोंड उघडते आणि टाळी वाजली की मान वळवते. हे पिल्लू यांपैकी काहीच करत नव्हते. ते शांत नव्हते, आजारी होते.

आई दाखवा, असे मी आग्रहाने म्हटले, तेव्हा त्यांनी साखळीला बांधलेली एक पिवळी कुत्री आणली. मुळात फसवणूक झाली ती येथे. पिल्ले तिच्याकडे धावली नाहीत, आणि एक जवळ गेले तेव्हा ती गुरगुरून बाजूला झाली. "आता दूध तोडले आहे, दात लागतात तिला," हे विक्रेत्याचे उत्तर मला पटले, कारण ते अर्धे खरे आहे. पाच-सहा आठवड्यांनंतर कुत्री पिल्लांना टाळू लागते. परंतु सुमारे दोन महिन्यांपूर्वी व्यायलेल्या कुत्रीचे सड लोंबलेले आणि ठळक दिसतात, पोटाची कातडी ओघळलेली असते, अंगावरचे केसही बरेचदा विरळ झालेले असतात. या कुत्रीचे पोट घट्ट आणि केस दाट होते. शिवाय आईने झिडकारले तरी पिल्ले पुन्हा पुन्हा तिच्या पोटाखाली तोंड घालतात. परक्या कुत्रीकडे ती अशी हक्काने जात नाहीत.

तिसऱ्या दिवशी उलट्या आणि रक्तमिश्रित, उग्र वासाचे जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी विष्ठेची चाचणी केली आणि पार्व्हो निघाला. या रोगाची लक्षणे संसर्गानंतर साधारण तीन ते सात दिवसांत दिसतात, म्हणजे पिल्लाला लागण बहुधा तिकडेच झाली होती. त्याचे तोंड उघडून डॉक्टरांनी दाखवले, की पुढचे दात आणि सुळे आले असले तरी मागच्या दाढा हिरडीतून नुकत्याच वर येत होत्या. आठ आठवड्यांचे म्हणून विकलेले पिल्लू जेमतेम पाच आठवड्यांचे होते. लसीच्या कार्डावर पंधरा दिवसांपूर्वीची तारीख होती, म्हणजे तीन आठवड्यांच्या पिल्लाला लस दिल्याची नोंद. बाटलीवरचे बॅच क्रमांकाचे लेबल चिकटवलेले नव्हते, आणि डॉक्टरांच्या सहीखाली नोंदणी क्रमांकही नव्हता. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही आणि कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. त्या विक्रेत्याकडे नोंदणी प्रमाणपत्र मागण्याचे मला सुचलेसुद्धा नव्हते.

पार्व्होचा विषाणू घरात महिनोन्महिने टिकतो, त्यामुळे दुसरे पिल्लू आणण्यापूर्वी आम्ही वर्षभर थांबलो. या वेळी एका कुटुंबाकडे पिल्ले पाच आठवड्यांची असताना एकदा आणि सात आठवड्यांची असताना पुन्हा, असे दोनदा गेलो, कारण एका भेटीत झोपेतून उठलेले पिल्लूही सुस्त दिसू शकते. आई आधी भुंकली, मालकिणीने हाक मारताच शांत झाली आणि आमचा हात हुंगून पिल्लांजवळ जाऊन आडवी झाली. पिल्ले घाबरट आईचे पाहून घाबरायला शिकतात, म्हणून हे मला कागदपत्रांइतकेच महत्त्वाचे वाटले. मी किल्ल्यांचा जुडगा जमिनीवर टाकला. सगळी दचकली. एक कोपऱ्यात जाऊन बसले ते बसलेच, एक थेट जुडग्यावर तुटून पडले, आणि एक मादी दोन पावले मागे सरून, क्षणभर थांबून, हळूच तो हुंगायला आली. दुसऱ्या भेटीतही तिने तसेच केले. तिला भावंडांपासून दूर नेऊन उताणे धरले तेव्हा तिने थोडी धडपड केली आणि मग अंग सैल सोडून माझ्याकडे पाहिले. आठ आठवडे पूर्ण झाल्यावर आम्ही तिलाच आणले. मात्र त्याआधी, दोन दिवसांत आमच्या डॉक्टरांना आजार आढळल्यास पिल्लू परत घेऊन पैसे दिले जातील, असे लिहून घेतले.