फ्रीहब बदलल्याचे ४,४५० रुपये घेतले, कॅसेट मात्र उघडलीच नव्हती

मागचं चाक दुरुस्तीला टाकणार असाल तर आधी हे वाचा. फ्रीहब बॉडी म्हणजे मागच्या हबला जोडलेला तो भाग, ज्यावर गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट, चढते. माझ्याकडून नव्या बॉडीचे ३,८५० आणि मजुरीचे ६००, असे ४,४५० रुपये घेतले गेले. प्रत्यक्षात काहीही बदललेलं नव्हतं. फटीतून स्प्रे मारला, चाक गरगर फिरवलं आणि बिल हातात दिलं. हे सांगताना लाज वाटते, कारण सायकल मी रोज चालवतो आणि पंक्चर, ब्रेक, चेन ही कामं घरीच करतो. पण हबच्या आतलं घरी कोण उघडतं? तिथे आपण दुकानदाराच्या शब्दावरच चालतो, आणि हे त्यालाही पक्कं ठाऊक असतं.

त्रास असा होता. पायडलवर जोर दिला की मधूनच पाय पोकळ जायचा. चेन फिरतेय, कॅसेट फिरतेय, चाक मात्र ढिम्म. कधी अर्धा फेरा रिकामा जाऊन 'टक्' करून पकडायचं, कधी दोन-तीन फेरे नुसतेच. थंडीत सकाळी जास्त, ऊन चढल्यावर कमी. या शेवटच्या गोष्टीतच खरं उत्तर होतं. माझ्यासारख्या हबमध्ये फ्रीहब बॉडीवर छोटे खटके असतात, त्यांना पॉल म्हणतात. बारीक स्प्रिंग त्यांना बाहेर ढकलते आणि ते हबच्या आतल्या दातेरी कड्यात, म्हणजे रॅचेटमध्ये, अडकतात. अडकले तरच पायातला जोर चाकाला मिळतो. पायडल थांबवलं की तेच पॉल दात्यांवरून घसरत जातात आणि आपल्याला टकटक ऐकू येते. आतलं ग्रीस जुनं होऊन घट्ट झालं, त्यात धूळ मिसळली, की त्या नाजूक स्प्रिंगला पॉल उचलवत नाही. गारठ्यात ग्रीस आणखी आळतं, म्हणून सकाळी त्रास जास्त. झिजलेल्या दात्यांना ऊन-थंडीचं काही पडलेलं नसतं.

दुकानात मी हे सगळं सांगितलं, थंडीचंसुद्धा. त्या माणसाने चाक काढलंही नाही. उभ्या सायकलचं पायडल दोनदा मागे-पुढे केलं आणि म्हणाला, "रॅचेट गेलंय साहेब, बॉडी बदलावी लागेल." बाहेरून एवढंच कळू शकतं की दोष फ्रीहबमध्ये आहे, चेन किंवा कॅसेटमध्ये नाही. तेही नीट बघितलं तर. मागचा ब्रेक दाबून धरायचा आणि पायडलवर हळूहळू वजन टाकायचं. चेन कॅसेटच्या दात्यावर चढून उडी मारत असेल तर चेन-कॅसेट झिजलेली आहे, आणि तो त्रास बहुधा ठरावीक गिअरलाच होतो. चेन जागेवर बसलेली असताना अख्खी कॅसेटच पुढे सरकली आणि चाक हललं नाही, तर फ्रीहब सुटतोय, मग गिअर कुठलाही असो. यापुढचं, म्हणजे पॉल चिकटलाय की दाते झिजलेत, हे बॉडी बाहेर ओढून डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणालाही सांगता येत नाही. न उघडता "रॅचेट गेलं" म्हणणाऱ्याकडून सायकल परत घ्या.

आता ज्या क्षणाचा विचार करून माझी अजूनही झोप उडते, तो सांगतो.

सायकल घ्यायला गेलो तेव्हा कॅसेटच्या तोंडाशी असलेली, तिला घट्ट धरून ठेवणारी लॉकरिंग माझ्या नजरेसमोर होती. तिच्या आतल्या खाचांमध्ये जुना काळा मळ जसाच्या तसा भरलेला होता. तो मळ मी पाहिला. लॉकरिंग उघडायला त्या खाचांमध्ये खास पाना बसवावा लागतो, दुसऱ्या हाताने चेनच्या पान्याने कॅसेट धरून ठेवावी लागते आणि जोर लावून फिरवावं लागतं. पाना बसला की खाचेतला मळ निघतोच, कडांवर धातू चमकतो. आणि हब कुठल्याही बनावटीचा असो, नवी बॉडी टाकायची तर जुनी कॅसेट उतरवून नव्या बॉडीवर चढवावीच लागते. दुसरा मार्गच नाही. म्हणजे खाचांत मळ शाबूत असेल तर बॉडी बदललेली असणं शक्यच नाही! मी विचारलं होतं, "कॅसेट पुसली नाही का?" तो म्हणाला, "पुसायचे वेगळे लागतात." उत्तर इतकं सहज आलं की कुणीही गप्प बसलं असतं. पैसे न दिल्यामुळे पुसलं नाही, यात संशय घेण्यासारखं काय वाटणार?

जुनी बॉडी मागितली. "भंगारात गेली." जुना भाग हातात मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका, आणि हे सायकल सोडतानाच सांगून ठेवा, नंतर नाही.

तिसरी खूण आवाजाची. चाक फिरवलं तर टकटक आधीपेक्षा कितीतरी मोठी आणि कोरडी येत होती. मी कारण विचारलं, तर "नवं रॅचेट आहे, आवाज करणारच". हे साफ खोटं होतं. काही हब मुळातच मोठ्या आवाजाचे असतात, ते खरं. पण तोच हब अचानक कर्कश झाला, तर आतलं वंगण गेलंय असं समजा. स्प्रेने ग्रीस पातळ करून वाहून नेलं होतं आणि पॉल दात्यांवर सुके आपटत होते. पॉल तात्पुरते सुटले म्हणून दुकानाबाहेरच्या फेरीत सायकल झकास पळाली, आणि मी पैसे दिले.

थोड्याच दिवसांत चढावर उभं राहून पायडल मारताना पाय पुन्हा पोकळ गेला. अख्खं वजन त्या पायावर असतं हो अशा वेळी. मी पुढे हँडलवर आदळलो, गुडघा फुटला. मागून गाडी नव्हती म्हणून आज हे लिहितोय. परत दुकानात गेलो तर म्हणे आता हबच गेला, पूर्ण चाक घ्या, ९,२०० रुपये. तिथे मात्र मी सायकल उचलली आणि एका मित्राकडे गेलो, जो स्वतःची चाकं स्वतः बांधतो.

त्याने सगळ्यात आधी कॅसेट उतरवली. बॉडी ॲल्युमिनियमची आहे, तिच्या उभ्या पट्ट्यांवर कॅसेटच्या पोलादी चकत्यांनी वर्षानुवर्षं चावून पाडलेल्या खोल खुणा तशाच होत्या. नव्या बॉडीवर इतक्या थोड्या दिवसांत तशा खुणा पडत नाहीत. मग एक्सलची टोपणं काढून बॉडी ओढली. तीन पॉल होते. एक त्याच्या खोबणीत आडवा झोपलेला, नखाने उचकटला तरी उठेना, भोवती वाळलेल्या डिंकासारखा तपकिरी थर. दुसरा दाबून सोडला की हळूहळू वर यायचा. फक्त तिसरा चटकन उसळत होता. म्हणजे तिघांनी वाटून घ्यायचा जोर तो एकटा सोसत होता, आणि त्याचं टोक गोल झालं होतं. भिंगातून रॅचेट पाहिलं. दात्यांच्या ज्या बाजूवर पॉल टेकतो, त्या बाजूच्या काही कडा कोपऱ्यात तुटलेल्या. त्यातल्या काहींवर जुना चिकटा बसला होता, ती झीज आधीचीच, हे मान्य. पण बाकीच्या तुटलेल्या कडा स्वच्छ आणि चकचकीत होत्या. ती ताजी मोड होती, आणि ती त्या सुक्या, एका पॉलवर चाललेल्या दिवसांत झाली असं मित्राचंही मत पडलं. स्प्रेने बेअरिंगमधलं ग्रीसही धुऊन काळं पाणी केलं होतं.

खरं काम किती होतं बघा. पॉल आणि स्प्रिंगा काढून रॉकेलमध्ये ब्रशने धुणं, रॅचेटचे दाते कापडाने पुसणं, पूर्ण सुकवणं, मग पातळ वंगणाचा अगदी हलका थर. बेअरिंगचं जाड ग्रीस तिथे भरायचं नाही, ते भरलं तर पॉल नवे असूनही चिकटतात. बसवताना पॉल आत दाबून बॉडी उलट्या दिशेने हळू फिरवत सरकवायची. उघडताना खाली पांढरं कापड अंथरा, स्प्रिंग उडाली तर सापडत नाही. दुकानदाराने पहिल्याच दिवशी हे केलं असतं तर मी ६०० मजुरी आनंदाने दिली असती.

आता धुतल्यावर तिन्ही पॉल खटकन उसळतात, पण जोरात चढताना अधूनमधून 'टक्' होऊन सुटतंच. गोल झालेला दाता धुऊन पुन्हा धारदार होत नाही. पॉल बदलता येतील, पण माझ्या हबमध्ये रॅचेट कवचातच पक्कं बसवलेलं आहे, वेगळं निघत नाही. काही हबमध्ये ते कडं आट्यांवर बसतं आणि खास अवजाराने बदलता येतं, तर काहींमध्ये पॉल आणि रॅचेट दोन्ही बॉडीच्याच पोटात असतात, तिथे बॉडी बदलली की प्रश्न मिटतो. माझ्या हबमध्ये तर त्याने 'बदलली' म्हटलेली बॉडी खरोखर बदलली असती तरी त्याने स्वतः सांगितलेला 'रॅचेट गेलंय' हा दोष गेलाच नसता, कारण रॅचेट तिच्यात नाहीच! हे तेव्हा ठाऊक असतं तर तिथेच त्याची बोलती बंद केली असती. तुम्ही विचारा, "माझ्या हबमध्ये रॅचेट बॉडीत आहे की कवचात?" अडखळला तर निघा.

आणि तक्रारीचं काय झालं? मालकाला खुणांचे फोटो दाखवले, तर म्हणे "तुम्ही बाहेर उघडलंत, आता जबाबदारी आमची नाही." हब बनवणाऱ्यांना लिहिलं. उत्तर आलं की अधिकृत विक्रेत्याचं मत अंतिम. अधिकृत विक्रेता कोण, तर हाच! पोलीस चौकीत अर्ज घेतला नाही, "सायकलच्या चाकासाठी आलात?" असं तोंडावर म्हणाले, आणि वर हा दिवाणी मामला म्हणून वाट दाखवली. ग्राहक हेल्पलाइनवर तासन् तास गाणं ऐकल्यावर एक बाई बोलल्या, बिलावर भागाचा नंबर आहे का? बिलावर फक्त 'मागील चाक काम, ४,४५०' एवढंच. मग कुठला भाग बदलायचा होता हे सिद्ध कसं करणार, म्हणून तक्रार बंद केल्याचा मेसेज आला. मला न विचारता बंद! चोराला पुरावा लिहून द्यायला सांगावं अशी ही व्यवस्था. खुणांचे फोटो कुठे पाठवायचे, हे विचारायलाही कुणी उरलं नाही.

म्हणून पैसे देण्याआधी बिल परत करा आणि भागाचं नाव, मेक आणि नंबर लिहून घ्या. सायकल सोडताना लॉकरिंगचा जवळून फोटो काढा, कॅसेटवर आतल्या बाजूला मार्करने छोटी रेघ मारा आणि तिच्या रेषेतच फ्रीहबवरही एक मारा. नवी बॉडी आली तर फ्रीहबवरची रेघ असणारच नाही.

मी लेखी नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली आहे, ४,४५० आणि हब बदलण्याचा खर्च मागितला आहे. पोच आली, उत्तर आलेलं नाही. पॉलच्या टोकांचे आणि पट्ट्यांवरच्या खुणांचे फोटो जपून ठेवलेत, आणि जुना हब मी भंगारात देणार नाही.