‘डेन्मार्क’ की ‘डेन्मार्कचे राजतंत्र’? माहितीपत्रकावर कोणतं नाव टाकायचं

स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी महाल भागातल्या आमच्या अभ्यासिकेत दर महिन्याला एका देशाचं एकपानी माहितीपत्रक निघतं. ए-फोर कागद, दोन रकाने, मागची बाजू कोरी. या खेपेस डेन्मार्कची पाळी होती आणि पान लावणाऱ्या मुलीने विचारलं, “सर, वर काय टाकू? मोठं नाव टाकलं तर जरा अधिकृत वाटते ना.”

इथेच पहिली गफलत होते. मोठं नाव अधिकृत आणि छोटं नाव बोलीतलं, असा समज सर्रास आहे, पण छोटं नावही अधिकृत असू शकतं. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत प्रत्येक सदस्य देशाच्या पुढे दोन नावं असतात, एक आखूड आणि एक औपचारिक, आणि दोन्ही त्या त्या देशाच्या मान्यतेने येतात. झेक प्रजासत्ताकाने 2016 साली ‘चेकिया’ हे आखूड नाव रीतसर नोंदवून घेतलं. बोलीतली नावं ही याहून वेगळी, तिसरी जात. आपण ब्रिटनला ‘इंग्लंड’ म्हणतो, नेदरलँड्सला ‘हॉलंड’. ही नावं माहितीपत्रकात कुठेच नकोत, कारण इंग्लंड हा ब्रिटनचा एक भाग आहे आणि हॉलंड हे नेदरलँड्समधल्या दोन प्रांतांचं नाव. तेव्हा निवड करायची ती पहिल्या दोघांमध्ये.

आता डेन्मार्ककडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. बहुतेक देशांत दोन्ही नावं एकाच भूभागाला लागतात. ‘पोलंड’ म्हणा की ‘पोलंडचे प्रजासत्ताक’, नकाशा तोच. डेन्मार्कचं तसं नाही. ‘डेन्मार्कचे राजतंत्र’ म्हटलं की त्यात ग्रीनलँड आणि फेरो बेटंही येतात. नुसतं ‘डेन्मार्क’ म्हटलं की आकडेवारीच्या तक्त्यांत बहुधा फक्त युरोपातला डेन्मार्क धरतात. त्या डेन्मार्कचं क्षेत्रफळ सुमारे 43,000 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या विदर्भाच्या निम्म्याहूनही कमी. ग्रीनलँड एकटं 21 लाख 66 हजार चौरस किलोमीटर. ते धरलं तर तोच देश अख्ख्या महाराष्ट्राच्या सातपटीहून मोठा होतो. लोकसंख्येत मात्र जेमतेम फरक पडतो: डेन्मार्कमध्ये साधारण 60 लाख माणसं, ग्रीनलँडमध्ये 57 हजारांच्या आसपास, फेरो बेटांवरही जवळपास तितकीच.

आमच्या पहिल्या प्रतीत नेमका हाच घोळ झाला होता. मथळ्यात ‘डेन्मार्कचे राजतंत्र’, क्षेत्रफळ 43,000, आणि खाली एक ओळ: ‘उत्तरेकडील भाग ध्रुवीय हवामानाचा’. हवामानाची ओळ ग्रीनलँडवरून आली होती आणि क्षेत्रफळ युरोपातलं. दोन वेगवेगळ्या तक्त्यांतून माहिती उचलली की असं होतं. पकडायची युक्ती सोपी आहे: लोकसंख्येला क्षेत्रफळाने भागायचं आणि पत्रकात दिलेल्या घनतेशी ताडून बघायचं. 60 लाख भागिले 43,000 म्हणजे चौरस किलोमीटरला साधारण 140 माणसं. ग्रीनलँड धरलं तर तीनसुद्धा भरत नाहीत. पत्रकात क्षेत्रफळ 22 लाख आणि घनता 140 असं दिसलं, तर दोन तक्ते एकमेकांत मिसळले आहेत असं खुशाल समजावं.

युरोपीय संघाच्या रकान्यातही हाच खड्डा आहे. डेन्मार्क 1973 पासून सदस्य, ग्रीनलँड 1985 साली बाहेर पडलं, फेरो बेटं कधी गेलीच नाहीत. मथळ्यात राजतंत्र लिहून खाली ‘सदस्य: होय’ असं लिहिलं, तर ते धड खरंही नाही आणि धड खोटंही नाही. नेदरलँड्सची गोष्ट अशीच, तिथे राजतंत्रात अरुबा, क्युरासाओ आणि सिंट मार्टेन हे आणखी तीन देश येतात.

म्हणून माझं मत असं की मथळ्यात आखूड नाव घ्यावं, त्याखाली एका ओळीत संपूर्ण नाव द्यावं, आणि डेन्मार्कसारख्या देशाला तिसरी ओळही द्यावी: ‘खालील आकडे ग्रीनलँड व फेरो बेटे वगळून.’ ही तिसरी ओळ मथळ्याइतकीच मोलाची आहे. बाकी तक्ते, नकाशा, आलेख, सगळीकडे आखूडच.

लांब नाव मथळ्यात नको म्हणण्याला आणखी एक कारण आहे, ते मराठीचं. आखूड नावं आपण उच्चारावरून लिहितो, त्यात फार वाद नसतो. लांब नावाचं मात्र भाषांतर करावं लागतं. ‘प्रजासत्ताक’ लिहायचं की हिंदीसारखं ‘गणराज्य’? चीनच्या नावात ‘जनता’ की ‘लोक’? एकाच वर्षाच्या बारा पत्रकांत तीन तऱ्हा दिसल्या की मुलं विचारतात, हे वेगळे देश आहेत का? आम्ही शेवटी भिंतीवर एक कागद डकवला: रिपब्लिकला प्रजासत्ताक, किंग्डमला राजतंत्र, डेमोक्रॅटिकला लोकशाही. एक फायदा मात्र मराठीचा आहे. इंग्रजीत लांब नावं अकारविल्हे लावली तर निम्मं जग ‘रिपब्लिक’च्या आर अक्षराखाली जमा होतं. आपल्याकडे ‘पोलंडचे’ आधी येतं, त्यामुळे पोलंड प मध्येच राहतो.

आखूड नाव जिथे अपुरं पडतं, तिथे हट्ट करू नये. काँगो दोन आहेत, नदीच्या दोन काठांवर समोरासमोर राजधान्या असलेले. किन्शासावाल्याला संयुक्त राष्ट्रांच्या यादीतही वेगळं छोटं नाव नाही, तिथेही ‘काँगोचे लोकशाही प्रजासत्ताक’ असंच पूर्ण लिहितात. कोरियांचंही तसंच, फक्त मराठीत ‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ लावून भागतं. आकडे उतरवताना नावापेक्षा दोन अक्षरी सांकेतिक खूण बघावी: ब्राझाव्हिलवाला `CG`, किन्शासावाला `CD`. डेन्मार्क `DK` आणि ग्रीनलँड `GL` हेही वेगळे आहेत, त्यामुळे तक्त्यात `GL` ची वेगळी ओळ असेल तर `DK` मध्ये ग्रीनलँड धरलेलं नसतं. आणि करारावर सही कोणी केली हे सांगताना लांब नावच शोभतं, कारण करारात तेच छापलेलं असतं.

लांब नावाला शिळं व्हायची खोडही जास्त. राज्यव्यवस्था बदलली की पहिल्यांदा तेच बदलतं. हंगेरीने 2012 पासून नव्या घटनेनुसार ‘प्रजासत्ताक’ शब्द नावातून काढला, आखूड नाव जसंच्या तसं. अफगाणिस्तानात 2021 पासून सत्तेवर असलेले स्वतःला ‘अमिरात’ म्हणवतात, संयुक्त राष्ट्रांच्या यादीत अजून ‘प्रजासत्ताक’ आहे. वर ‘अफगाणिस्तान’ लिहिलं की या भांडणात आपल्याला पडावं लागत नाही. खालच्या ओळीत लांब नाव देताना ते कोणाच्या यादीतून, कोणत्या महिन्यात घेतलं, एवढं मात्र लिहायचं.

नेपाळचं पत्रक काढलं तेव्हा गंमत झाली. 2008 पर्यंत ते राजतंत्र होतं, मग ‘संघीय लोकशाही प्रजासत्ताक’ झालं, आणि 2020 साली तिथल्या सरकारने नाव नुसतं ‘नेपाळ’ असंच लिहायचं ठरवलं. आम्ही तसंच छापलं: वर ‘नेपाळ’, खाली ‘संपूर्ण नाव: नेपाळ’. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लावलेल्या प्रतीत कोणीतरी त्या ओळीभोवती लाल पेनाने गोल करून ठेवला होता आणि बाजूला लिहिलं होतं, “सर, हे दोनदा छापून गेलं.”