आठ महिने ओसीआरमायपीडीएफ वापरल्यावर: मराठी स्कॅन शोधता येतात, पण…

आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीवर कौलं कधी चढली, एवढाच प्रश्न होता. एका अर्जात बांधकामाचं वर्ष भरायचं होतं. अध्यक्षकाका म्हणाले, "अहवालात असणार, सगळं छापायचो आम्ही." अहवाल म्हणजे १९५१ ते १९९८ पर्यंतच्या पुस्तिका, मधल्या दोन गहाळ, आणि साधारण चौदाशे पानं. पानं स्कॅन झालेली होती, पण पीडीएफ उघडून 'शोधा' दाबलं तर उत्तर शून्य. साहजिकच, कारण त्या फायलीत अक्षरं नव्हतीच. होते ते फक्त पानांचे फोटो.

म्हणून स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये शोध चालेल असं करणाऱ्या ओसीआरमायपीडीएफ या प्रोग्रामकडे वळलो. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, कमांड टाइप करून चालवावं लागतं. अक्षरं ओळखायचं काम तो स्वतः करत नाही. ते टेसरॅक्ट नावाचा दुसरा प्रोग्राम करतो. टेसरॅक्टची सुरुवात १९८५ च्या सुमारास ह्युलेट-पॅकार्डमध्ये झाली, २००५ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. ओसीआरमायपीडीएफ पान उलगडतो, टेसरॅक्टला दाखवतो आणि ओळखलेला प्रत्येक शब्द पानावर जिथे दिसतो बरोबर तिथेच, पण न दिसणाऱ्या अक्षरांत, पीडीएफमध्ये लिहून ठेवतो. डोळ्याला जुनं पिवळं पान दिसतं आणि शोध लागतो तो त्या अदृश्य थरात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे नीट डोक्यात बसायला मला तीन महिने लागले. पुढच्या बहुतेक तक्रारी त्यातूनच आल्या.

उबुंटूवर एवढं पुरतं:

```
sudo apt install ocrmypdf tesseract-ocr-mar
tesseract --list-langs
```

दुसऱ्या ओळीच्या उत्तरात `mar` दिसलं पाहिजे. मराठीचं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं आणि भाषा सांगितली नाही तर तो इंग्रजी धरून चालतो. मी रोज वापरतो ती कमांड ही:

```
ocrmypdf -l mar+eng --deskew --rotate-pages \
  --sidecar 1958.txt 1958.pdf 1958-shodh.pdf
```

`--deskew` तिरकं पान सरळ करतो, `--rotate-pages` उलटं-आडवं पान फिरवतो आणि `--sidecar` थरात गेलेला मजकूर वेगळ्या साध्या फायलीतही उतरवून देतो. यातलं काहीही वगळा, पण तिसरं वगळू नका. का, ते पुढे येतंच. माझ्या आठ वर्षांच्या लॅपटॉपवर चाळीस पानांना चहा होईपर्यंत वेळ लागतो.

पहिल्या घाणातच फसलो. अर्धे अहवाल एका दुकानातून स्कॅन करून आणले होते आणि त्यांनी मोठ्या कौतुकाने "सर्चेबल करून दिलंय" असं सांगितलं होतं. कमांड चालवली तर संदेश आला: `page already has text! - aborting`. म्हणजे थर आधीच आहे, मी हात लावत नाही. मी शहाणपणा करून `--skip-text` जोडलं. याचा अर्थ, ज्या पानांवर मजकूर आहे ती सोड आणि बाकीची कर. सगळं सुरळीत पार पडलं, फायली तयार झाल्या, मी खूश. आठवडाभर 'देणगी', 'दुरुस्ती', 'वर्गणीदार' असले शब्द शोधत होतो आणि त्या अर्ध्या अहवालांतून एकही पान पुढे येत नव्हतं.

शेवटी त्यातल्या एका पानावरचा परिच्छेद निवडला, कॉपी केला आणि दुसरीकडे चिकटवला. बाहेर आलं ते "qrwIEITÀ fcRRUT" अशा थाटाचं. दुकानदाराने इंग्रजी भाषा लावूनच ओळख चालवली होती. देवनागरीच्या रेघा त्या बिचाऱ्या यंत्राने रोमन अक्षरांत बसवल्या आणि तो कचरा सुंदर स्कॅनखाली लपून राहिला. ओसीआरमायपीडीएफने मला सूचना दिली नव्हती असंही नाही. साइडकारच्या फायलीत `[OCR skipped on page(s)` अशी ओळ स्वच्छ लिहिलेली होती. मीच ती उघडून पाहिली नव्हती.

यावर उपाय `--redo-ocr`. तो जुना अदृश्य थर काढतो आणि नवा घालतो, पानाच्या चित्राला धक्का लावत नाही. त्याच्यासोबत `--deskew` चालत नाही, तेवढं काढावं लागतं. `--force-ocr` हा दांडगट मार्गही आहे, पण तो पानावर जे काही असेल त्या सगळ्याचं आधी चित्र करतो आणि मग वाचतो. संगणकावरच टाइप झालेलं चांगलं पत्र त्यातून काढलं तर खरी अक्षरं जाऊन अंदाजाची अक्षरं येतात. तो मी दोनदाच वापरला.

आता स्कॅनबद्दल. दुकानातले स्कॅन निव्वळ काळे-पांढरे होते. फाइल लहान होते म्हणून लोक तसं करतात. पण मराठीत अनुस्वार म्हणजे एक टिंब, आणि काळं-पांढरं करताना फिकट छापलेलं टिंब उडून जातं. उलट कागदावरचा काळा ठिपका शिरोरेषेवर पडला असेल तर तो अनुस्वार होऊन बसतो. १९५८ च्या अहवालातलं एक पान मी दोन्ही तऱ्हांनी करून पाहिलं. काळ्या-पांढऱ्यात 'संस्थेचें' चं 'सस्थेचे' झालं. तेच पान करड्या छटांत, ३०० डीपीआयवर घेतलं तर दोन्ही टिंबं जागेवर. तेव्हापासून वाचनालयाच्या साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर करड्या छटा आणि ३००, याखाली जात नाही. पातळ कागदावर मागच्या बाजूची छपाई उमटते, तिथे पानाच्या पाठीशी काळा कार्डशीट ठेवतो. दोन रुपयांचा उपाय आहे, पण फरक मोठा पडतो.

इतकं करूनही शोध हुकतो, आणि त्याची दोन कारणं खास आपली आहेत.

पहिलं, जुनं शुद्धलेखन. १९६२ च्या नियमांआधीच्या अहवालांत 'काहीं', 'नाहींत', 'त्यांनीं', 'केलें' असे अनुस्वार सर्रास आहेत. यंत्राने ते इमानाने वाचले तरी तुम्ही आजच्या वळणाने 'त्यांनी केले' शोधलंत तर ते सापडेलच असं नाही. त्यामुळे मी शब्दाचं शेपूट कापूनच शोधतो, 'केले' ऐवजी 'केल'.

दुसरं कारण जास्त छळवादी आहे: 'दुसऱ्या', 'वऱ्हाड', 'शेतकऱ्यांना' यांतला तो अर्धा र. डोळ्याला एकच दिसतो, पण संगणकात तो दोन प्रकारे लिहिता येतो:

```
ऱ्य   U+0931 U+094D U+092F
र्‍य   U+0930 U+094D U+200D U+092F
```

पहिल्यात टिंबाचा ऱ आहे, दुसऱ्यात साधा र आणि एक न दिसणारा जोडक. माझा कीबोर्ड एक प्रकार उमटवतो आणि थरात दुसरा असला की पानावर ठळक छापलेलं 'कर्मचाऱ्यांना' समोर दिसत असतं आणि शोध म्हणतो, नाही. बहुतेक पीडीएफ वाचकांना हे दोन एकच आहेत हे कळत नाही. इथे साइडकार पुन्हा कामाला आली. सगळ्या वर्षांच्या मजकूर-फायलींत मी जोडकवाला प्रकार बदलून टिंबाचा केला आणि आता शोध आधी त्या फायलींतच घेतो. पीडीएफ उघडतो ते पान पाहायला. तेवढी खटपट करायची नसेल तर 'कर्मचा' किंवा 'शेतक' एवढंच टाका, काम भागतं.

अक्षरओळखीबद्दल तक्रार करायला फारशी जागा नाही. सत्तरीनंतरची स्वच्छ छपाई असेल तर मी तपासलेल्या पानांवर चुका तुरळक होत्या. खिळे झिजलेल्या छापखान्यातली पानं आली की घ-ध, भ-म, ब-व, थ-य यांची गल्लत सुरू होते. माणूसही तिथे थबकतो, पण आपण वाक्यावरून सावरतो. जमाखर्चाचे तक्ते मात्र वाईट. नावं एका गठ्ठ्यात, रकमा दुसऱ्या गठ्ठ्यात, असा मजकूर थरात पडतो. `--tesseract-pagesegmode 6` दिल्यावर तो सगळं पान एकसंध ओळींचं समजून वाचतो आणि नाव-रक्कम बऱ्याचदा एका ओळीत राहतात. तक्त्यांची पानं मी वेगळी काढून अशी केली. पण दोन स्तंभांत छापलेल्या लेखाला हाच आकडा लावलात तर डावी ओळ उजवीला चिकटते.

हाती लिहिलेल्या इतिवृत्ताच्या वह्यांचं नाव काढू नका. एक सुवाच्य वही हौसेने घातली, बाहेर आलेल्या मजकुरात 'सभा' हा शब्द ओळखू आला, एवढंच. टेसरॅक्टचं मराठी शिक्षण छापील अक्षरांवरचं आहे. मोडीसाठी तर सोयच नाही. त्या वह्यांची विषयसूची वाचनालयातल्या एका काकूंनी हाताने केली आणि ती टाइप करून ठेवली.

राहता राहिली कौलं. 'कौल' शोधलं तर चौदाशे पानांत दोन निकाल, आणि दोन्ही ठिकाणी कौल मतदानाचा. काका ऐकेनात. मग 'छप्पर' टाकून पाहिलं, तीन पानं आली, आणि तिसऱ्यावर, १९५८ च्या अहवालात, दुरुस्तीखर्चाच्या परिच्छेदात कौलं होती. थरात 'कोलें' पडलं होतं, कारण वरची एक मात्रा शिरोरेषेजवळच्या शाईत बुडाली होती. खर्चाचा आकडा साइडकारमध्ये १९० होता. वर्षासोबत तोही अर्जात भरायला घेतला तेवढ्यात काकांनी चष्मा लावून पान पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हा नऊ नाही, एक आहे. बघ, खालची शेपटी तुटकी आहे." भिंगातून पाहिलं. एकशेदहा होते.