ग्रुपमधून नंबर काढायला सांगितलं आणि बाबांचं व्हॉट्सॲपच गेलं

हे मुद्दाम सविस्तर लिहितोय कारण ज्याच्या त्याच्या ग्रुपमध्ये कोणी ना कोणी "प्लीज रिमूव्ह माय नंबर" असं लिहीत असतं आणि नेमकं तिथेच बाबांना गाठलं गेलं.

बाबा रिटायर्ड आहेत. मध्ये एका प्लॉटच्या प्रदर्शनात लकी ड्रॉचं कुपन भरलं होतं, त्यावर मोबाईल नंबर दिला, झालं. एनए प्लॉट, फार्महाऊस, मग शेअर टिप्स, रोज नवा ग्रुप. एकातून बाहेर पडले की दुसऱ्यात ॲड. शेवटी वैतागून त्यांनी एका प्लॉटवाल्याच्या ग्रुपमध्येच सगळ्यांसमोर लिहिलं, की माझा नंबर परवानगीशिवाय घेतलाय, कृपया काढा आणि परत ॲड करू नका. मागणी अगदी रास्त होती. पण ग्रुपमध्ये शेकडो अनोळखी लोक, आणि त्या सगळ्यांना बाबांचा नंबर दिसत होता.

थोड्या वेळात पर्सनलवर मेसेज आला. डीपीला त्याच प्रोजेक्टचा लोगो, नावापुढे ॲडमिन. "सॉरी सर, तुमचा नंबर आमच्या सिस्टीममधून कायमचा डिलीट करतो, कन्फर्मेशनसाठी ६ आकडी कोड येईल तो पाठवा." कोड आला, बाबांनी पाठवला, आणि मिनिटभरात त्यांचं व्हॉट्सॲप लॉगआऊट.

तो कोड नंबर डिलीट करायचा नव्हताच. समोरच्याने स्वतःच्या फोनवर बाबांचा नंबर टाकून व्हॉट्सॲप चालू करायला घेतलं होतं, त्याचा तो रजिस्ट्रेशन कोड. कोणाला देऊ नका असं त्या एसएमएसमध्येच लिहिलेलं असतं, पण माणूस घाईत आकडे तेवढे बघतो. आणि तो ॲडमिन पण नव्हता. नंतर मी आईच्या फोनवर बघितलं, तिला पण त्याच ग्रुपात घातलं होतं, तर मेंबर लिस्टमध्ये ज्या नंबरापुढे "ग्रुप ॲडमिन" लिहिलंय तो वेगळाच होता. हा दुसराच कोणीतरी, ग्रुपात बसून अशा वैतागलेल्या मेसेजची वाट बघणारा.

दुसऱ्या फोनवर अकाउंट गेलं की जुनं चॅटिंग सहसा त्याला दिसत नाही, पण ग्रुप सगळे दिसतात. म्हणजे आमचा घरचा ग्रुप पण. त्याने आत्याला लिहिलं, हॉस्पिटलमध्ये आहे, बोलता येत नाही, १८ हजार लगेच टाक. दादाचा मेसेज म्हणून तिने यूपीआय केलं. मग त्याने तेच माझ्या चुलतभावाला लिहिलं, त्याने पैसे न टाकता आधी बाबांना साधा फोन लावला, तेव्हा आम्हाला कळलं.

आम्ही लगेच बाबांच्या फोनवर परत त्यांचाच नंबर टाकून व्हेरिफाय केला. एसएमएसचा नवीन कोड टाकला की चोर तिथेच बाहेर पडतो. पण त्याने तोवर टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा स्वतःचा पिन लावून ठेवला होता, त्यामुळे बाबांना अकाउंट वापरायला ७ दिवस थांबावं लागलं. तोवर सगळ्या नातेवाईकांना फोन करून सांगत बसलो. आत्याने १९३० वर तक्रार केली, cybercrime.gov.in वर पण टाकली. थोडी रक्कम समोरच्या खात्यात होल्ड झालीये, हातात अजून काही नाही.

आता नीट ऐका. तुमचा नंबर ग्रुपमधून काढायला ॲडमिनला तुमच्याकडून काहीही लागत नाही. तो तुमच्या नावावर टॅप करतो, रिमूव्ह दाबतो, संपलं. कोड, लिंक, फॉर्म, स्क्रीन शेअर यातलं काही मागितलं की तिथेच ब्लॉक करा. सांगायचंच असेल तर ग्रुपमध्ये लिहू नका, ग्रुप इन्फोमध्ये जाऊन ॲडमिन लिहिलेल्या नंबरालाच पर्सनलवर पाठवा. मी आता आईच्या नंबरासाठी हे पाठवलं:

"नमस्कार. माझा हा नंबर माझ्या परवानगीशिवाय तुमच्या ग्रुपमध्ये ॲड केला आहे. आजच ग्रुपमधून आणि तुमच्या यादीतून काढा, यापुढे कुठल्याही ग्रुपमध्ये ॲड करू नका, नंबर पुढे कोणाला देऊ नका. यासाठी मी कोणताही कोड किंवा माहिती देणार नाही. परत ॲड केल्यास रिपोर्ट करीन."

स्क्रीनशॉट ठेवा. यादीतून खरंच काढलं का हे आपल्याला कळत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग ग्रुप्स, तिथे एव्हरीवन काढून माय कॉन्टॅक्ट्स करा. मग अनोळखी ॲडमिनला थेट ॲड करता येत नाही, त्याला इन्व्हाइट पाठवावं लागतं, ते घ्यायचं की नाही तुमच्या हातात. डीएनडी लावून मात्र हे ग्रुप थांबत नाहीत, ते कॉल आणि एसएमएससाठी आहे. आणि टू-स्टेपचा पिन आजच स्वतः लावून टाका, तो असता तर नुसत्या त्या ६ आकड्यांवर बाबांचं अकाउंट उघडलंच नसतं.