ठरावीक मापाची सॅक की पाठीला जुळवता येणारी?

सॅक घेताना उंची विचारतात, पण लागतं पाठीचं माप. मान पुढे झुकवली की मानेखाली जे हाड ठळक लागतं, तिथून टेप पाठीच्या वळणाने खाली आणायची. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर हात ठेवून अंगठे मागे वळवले की त्यांना जोडणाऱ्या रेषेवर माप संपतं. हे दुसऱ्याकडूनच मोजून घ्या.

समजा पाठ ४२ सेंमी आली आणि हाडांवरून घेर ९८. ठरावीक मापाच्या सॅकमध्ये लहान साइज पाठीला बसेल, पण तिचा कंबरपट्टा ९० पर्यंतच असेल तर त्याच्या गाद्या हाडांच्या मागेच संपतील. मोठी साइज घेतली तर पट्टा पुरेल, पण खांद्याचे पट्टे वर तरंगतील किंवा कंबरपट्टा हाडांखाली घसरेल. अशा शरीराला खांद्यांची जोडणी वर-खाली सरकणारी आणि कंबरपट्टा वेगळा निवडता येणारी सॅकच घ्यावी. वजन थोडं वाढतं, तरी वजनदार सामानासाठी मी तीच घेईन. पाठ आणि घेर एकाच साइजमध्ये बसत असतील तर मात्र ठरावीक मापाची हलकी सॅक छान.

दुकानात आठ-दहा किलो भरून बघा. कंबरपट्ट्याचा मध्य कमरेच्या हाडाच्या कडेवर हवा, पँटच्या कमरेवर नको. आवळल्यावर पुढच्या गाद्या एकमेकींना टेकल्या तर पट्टा मोठा आहे. वजन पुन्हा खांद्यांवर येणार.